सिरोसिसच्या पेशंटसाठी एक्स्ट्रॅक्शन रेशोचा तक्ता: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकमधल्या एका रुग्णालयात मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. गेल्या पावसाळ्यापासून सिरोसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेल्या पेशंटचा डोस बघताना औषधांच्या हेपॅटिक एक्स्ट्रॅक्शन रेशोचा तक्ता हाताशी ठेवते. रक्त यकृतातून एकदा जाताना त्यातलं किती औषध काढून घेतलं जातं, तो हा आकडा. तो ०.७ च्या वर असेल तर क्लिअरन्स, म्हणजे रक्तातून औषध काढून टाकण्याचा वेग, मुख्यतः यकृताच्या रक्तप्रवाहावर ठरतो; ०.३ च्या खाली असेल तर एन्झाइमची ताकद आणि प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं औषध यांवर.

तक्त्याचा खरा फायदा दिसला तो प्रोप्रॅनोलॉल या नाडी आणि यकृताकडच्या शिरांमधला दाब कमी करणाऱ्या औषधात. निफाडच्या एका काकांच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या आणि डॉक्टरांच्या मनात ४० मिग्रॅ दोनदा होतं. मी कागदावर हिशोब मांडला. निरोगी यकृत पोटातून आलेल्या गोळीतलं समजा ७५ टक्के काढून घेतं, म्हणजे ४० पैकी १० मिग्रॅ रक्तात पोचतं. सिरोसिसमध्ये समजा ४० टक्के रक्त शंटमधून यकृताला वळसा घालून जातं आणि उरलेल्या ६० टक्क्यांतलं औषधही यकृत ६० टक्केच काढू शकतं. मग वळशाने १६ आणि यकृतातून सुटून साधारण १० मिग्रॅ, मिळून २६ येतं. पहिल्याच गोळीला अडीचपट! शिवाय रक्तात आलेलं औषधही सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे पुढच्या डोसना फरक आणखी वाढतो. डॉक्टरांनी २० मिग्रॅ दोनदा सुरू केलं. आठवड्याभरात नाडी ८४ वरून ६० वर आली, वरचा रक्तदाब १०० च्या वरच राहिला. डोस वाढवावाच लागला नाही.

हेच औषध शिरेतून दिलं असतं तर पहिल्या डोसचं गणित इतकं बिघडलं नसतं, कारण शिरेतलं औषध आधी यकृताच्या चाळणीतून जात नाही.

डायझेपामचं उलट. त्याचा आकडा इतका कमी, की निरोगी माणसातही गोळी जवळजवळ पूर्ण रक्तात येते. त्यामुळे सिरोसिसमध्ये पहिल्या गोळीनंतरची पातळी फारशी वाढत नाही. पण हाफ लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, दुपटीहून जास्त होऊ शकतं, औषध साचत जातं आणि दोन-तीन दिवसांनी पेशंट गुंगीत सापडतो. म्हणून पुढचे डोस कमी करायचे किंवा लांबवायचे.

इथेच तक्त्याची मोठी उणीवही आहे. लोराझेपामचा आकडाही कमीच, पण ते ग्लुक्युरोनाइड जोडून बाहेर पडतं आणि ती वाट सिरोसिसमध्ये बरीच टिकून राहते. आकडा हे सांगत नाही. दारू सुटतानाच्या थरथरीसाठी आम्ही आता डायझेपामऐवजी लोराझेपाम सुचवतो, तेही कमी डोसने, कारण सिरोसिसमध्ये मेंदूच गुंगीच्या औषधांना जास्त संवेदनशील असतो.

दुसरी अडचण अशी, की किडनीसाठी क्रिएटिनिन आहे तसा यकृताचा क्लिअरन्स सांगणारा एकही आकडा नाही. एसजीपीटी नॉर्मल असलेला पेशंटही गंभीर सिरोसिसमध्ये असू शकतो. मी अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर आणि जलोदर पाहून सिरोसिस किती गंभीर आहे ते सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू गुणांचा अंदाज घेते, पण शंट किती हे त्यातून कळत नाही. त्यामुळे प्रोप्रॅनोलॉलला शेवटचा शब्द नाडी आणि रक्तदाबाचाच: नाडी ५५ च्या खाली किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली आला, की डोस कमी करण्यासाठी डॉक्टरांना लगेच फोन.