रेस्ट डे कोणी ठरवायचा: मनगटावरच्या घड्याळाने की उशाशी ठेवलेल्या वहीने?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे तयारीचे सगळ्यात जड आठवडे येतात नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात, आणि नेमकी तेव्हाच तुळशीचं लग्न उरकून लग्नसराई सुरू झालेली असते. आज इंटरव्हल मारायचे की झोपून राहायचं, हा प्रश्न या दिवसांत जितका छळतो तितका वर्षभर कधी छळत नाही. दोन्ही रस्ते मी वापरून पाहिलेत: घड्याळाने रात्रभर ठोके आणि झोप मोजून सकाळी दिलेला तयार स्कोअर, आणि उठल्या उठल्या बोटाने मोजलेली नाडी, झोपेचे तास वगैरे लिहायची साधी वही.

घड्याळाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. तुम्ही काही करायचं नसतं. विसरलात, कंटाळलात, तरी नोंद होतच राहते आणि महिन्याचा आलेख आपोआप तयार होतो. एकूण झोप किती झाली हेही ते बऱ्यापैकी बरोबर सांगतं. मात्र गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, यावर मी विश्रांतीचा दिवस ठरवणार नाही. डोळे टक्क उघडे ठेवून निश्चल पडलेल्या माणसाला घड्याळ अनेकदा झोपलेलाच समजतं.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. लग्नातलं जेवण रात्री अकराला होतं. पोट भरलेलं असताना ठोके तासन्‌तास चढे राहतात. एरवी मध्यरात्रीनंतर सावकाश खाली येणारी रेघ अशा रात्री पहाटेपर्यंत वरच रेंगाळते. त्यात पावणेपाचचा गजर, म्हणजे ठोके तळाला पोचायच्या आतच आपण उठलेले असतो. आता घड्याळ काय करतं? झोप कमी झाली म्हणून गुण कापतं आणि ठोके खाली आले नाहीत म्हणून पुन्हा कापतं. मूळ कारण एकच, उशिराचं जेवण, पण दंड दोनदा. सकाळी पडद्यावर लाल आकडा, आणि तो व्यायामाच्या थकव्यामुळे लाल आहे की मसालेभातामुळे, हे कळायला मार्ग नाही. लग्नसराईत घड्याळाचं ऐकत राहिलो असतो तर निम्मे इंटरव्हल बुडाले असते. उलट त्याचा नाद सोडला की खरोखर थकल्याचा इशाराही कानाआड होतो, आणि हे जास्त वाईट. प्रत्येक घड्याळ असंच वागतं असा माझा दावा नाही. माझं तरी असं वागायचं.

वहीत पाच रकाने: नाडी, झोपेचे तास, पाय किती ताजे वाटतात (एक ते पाच), कालचा व्यायाम, आणि कारण. या शेवटच्या रकान्यासाठीच मी वहीकडे वळलो.

नाडी मोजायचीही एक शिस्त आहे. जाग आली की लघवीला जाऊन यायचं, परत आडवं व्हायचं, दोन मिनिटं स्वस्थ पडायचं आणि मग पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तिथे एक ठोका चुकला तर उत्तरात चारचा फरक पडतो, आणि आपण शोधतोय तो बदलच पाच-सहा ठोक्यांचा असतो. फोन त्याआधी बघायचा नाही. चहा-कॉफी अर्थातच नंतर.

तुलना कशाशी करायची, हेही ठरवून घ्यावं लागतं. एखाद्या हलक्या आठवड्यातल्या सात सकाळींचे आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला येतो तो आपला नेहमीचा आकडा. समजा तो ५२ आला. दोन-तीन ठोके इकडेतिकडे रोजच होतात, त्याची दखल घ्यायची नाही. पाच किंवा जास्त वाढले की कारणाचा रकाना बघायचा. माझ्या घड्याळात ही तुलना मागच्या काही दिवसांच्या सरकत्या सरासरीशी व्हायची. तिथे गोची अशी की थकवा हळूहळू साठत गेला तर सरासरीही त्याच्याबरोबर वर सरकते, आणि सगळं आलबेल दिसत राहतं. हलक्या आठवड्यातला आकडा वहीत पक्का लिहिलेला असला की ही लपवाछपवी होत नाही. फिटनेस वाढेल तसा तो खाली येतो, म्हणून पुढच्या हलक्या आठवड्यात नवा काढायचा.

दोन सकाळी शेजारीशेजारी ठेवून बघा. पहिली: नाडी ५८, झोप सव्वापाच तास, पाय चार, कारण ‘लग्न, जेवण अकराला’. त्या दिवशी इंटरव्हल पुढे ढकलायचे आणि पाऊण तास हळू पळायचं. दुसऱ्या दिवशी नाडी ५३ आली तर राहिलेले इंटरव्हल करून टाकायचे. दुसरी सकाळ: नाडी पुन्हा ५८, झोप साडेसात तास, पाय दोन, आणि कारणाचा रकाना कोरा. ही सकाळ मला जास्त घाबरवते. त्या दिवशी फक्त चालणं, आणि दुसऱ्या दिवशीही ५७-५८ दिसलं तर पूर्ण विश्रांती, भले रविवारची लाँग रन हुकली तरी बेहत्तर. अशा कोऱ्या रकान्यामागे बऱ्याचदा एक-दोन दिवसांत घसा धरतो. घड्याळाने या दोन्ही सकाळी मला साधारण सारख्याच लाल दाखवल्या असत्या.

वहीचा त्रास नाही असं नाही. इंटरव्हलचा दिवस आहे या नुसत्या विचारानेही दोन-चार ठोके चढतात. गजराने दचकून उठलो की पहिलं मिनिट वाया जातं. आणि आळस! पहिल्या पंधरवड्यात वही बंद पडणारे आमच्या ग्रुपात कमी नाहीत. ज्यांची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते किंवा घरात तान्हं मूल आहे, त्यांना स्वस्थ पडायला दोन मिनिटं कुठून मिळणार? त्यांनी घड्याळच घ्यावं, वहीचा हट्ट धरू नये.

नाडीवरही फार विसंबू नये, मग ती बोटाने मोजा की घड्याळाने. अचानक वाढवलेला भार, ताप येण्याची चाहूल, पाणी कमी पडणं यांत ती चढते. पण महिनोन्‌महिने साठलेल्या थकव्यात ती चढेलच असं नाही, कधीकधी उलट खालीच जाते. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात खेळाडूने स्वतः सांगितलेली थकव्याची, मूडची नोंद यंत्राच्या आणि रक्ताच्या बऱ्याच मोजमापांपेक्षा व्यायामाच्या भाराला जास्त नेमकी प्रतिसाद देताना आढळली. म्हणून नाडी ४९, पण पाय सलग तीन दिवस दोनवर, असं दिसलं तर मी पायांचं ऐकतो.

घड्याळ आधीच घेतलेलं असेल तर ते विकायची गरज नाही. सकाळचा स्कोअर दिसणारा पडदा सेटिंगमधून काढून टाका, झोपेचे एकूण तास तेवढे त्यातून बघून वहीत उतरवा आणि बाकीचे चार रकाने स्वतः भरा. माझं हल्ली असंच चाललंय.