सायकल तीच, नावं तीन: कॅम्पसच्या सायकल योजनेचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या कॅम्पसवरची भागीदारीतली सायकल मी जुलैपासून रोज वापरतोय. होस्टेल मागच्या टोकाला, लॅब मेन गेटजवळ, चालत 20 मिनिटं, त्यात मुंबईचा पाऊस. सायकली चांगल्या आहेत. सीट खालीवर होते, मडगार्ड पूर्ण आहेत, पावसात ब्रेक जरा उशिरा लागतो एवढंच. पण मला लिहायचंय ते नावाबद्दल. या आठ महिन्यांत सायकली त्याच राहिल्या, नाव दोनदा बदललं आणि दरवेळी मुलं वेगळी वागली.

पद्धत साधी आहे. सहा ठिकाणी लोखंडी रांगा आहेत. कुठूनही कोड स्कॅन करून सायकल काढायची, काम झालं की कुठल्याही रांगेत पुढचं चाक खाचेत सरकवायचं. 'खट्' आवाज आला की फेरी संपली. पहिला अर्धा तास फुकट, पुढे मीटर चालू.

पहिलं नाव होतं 'शेअर सायकल'. मुंबईत शेअर म्हटलं की डोळ्यांसमोर शेअर रिक्षा येते: एका गाडीत तीन अनोळखी माणसं. पहिल्याच आठवड्यात फर्स्ट इयरच्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, दुसरं कुणी येईपर्यंत थांबायचं असतं का?" ती खरंच रांगेपाशी थांबली होती. बाकीचे सर्रास डबलसीट जायचे. महिन्याभरात कितीतरी कॅरिअर वाकले.

दिवाळीनंतर नाव झालं 'स्टँड सायकल'. रिक्षा स्टँडसारखी स्टँडवरून घ्यायची, स्टँडवर ठेवायची, असा विचार. पण सायकलवाल्या माणसाचा 'स्टँड' म्हणजे सायकलचा स्वतःचा पाय. मेसबाहेर उतरलो, पायाने स्टँड पाडला, सायकल उभी केली आणि जेवायला गेलो. सकाळी अ‍ॅपवर 11 तासांचं भाडं. तावातावाने ऑफिसात गेलो आणि म्हणालो, "मी स्टँडला लावली होती." काउंटरवरच्या ताईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या स्टँडला?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यासारखे रोज कितीतरी जण त्याच वाक्यावर भांडून जात असणार. पैसे काही परत मिळाले नाहीत.

जानेवारीत होस्टेल कमिटीने नवं नाव ठरवायला घेतलं, तेव्हा मी मदतीला गेलो. आम्ही कँटीनमध्ये बसून, योजना अजून न वापरलेल्या 12 जणांना फक्त नाव सांगायचो. चित्र नाही, माहिती नाही. मग दोनच प्रश्न: सायकल कुठून घेशील? कुठे सोडशील? 'भाड्याची सायकल' म्हटलं की उत्तर यायचं, दुकानातून तासावर घ्यायची आणि त्याच दुकानात परत द्यायची. गावाकडची सवय त्या शब्दात पक्की बसलेली आहे. 'ग्रीन' जोडलेल्या नावांवर मुलं पर्यावरणाबद्दल छान बोलली, पण सायकल कुठे सोडायची ते एकालाही सांगता आलं नाही.

'नाका सायकल' म्हटल्यावर 10 जण लगेच म्हणाले, "एका नाक्यावरून घ्यायची, दुसऱ्या नाक्यावर सोडायची." 'सोडायची' हे क्रियापद त्यांनीच आणलं. रिक्षावाल्याला आपण रोज "नाक्यावर सोडा" म्हणतोच. राहिलेले दोघं तमिळनाडूहून नुकतेच आलेले होते, त्यांना शब्दच माहीत नव्हता. म्हणून रांगांवरही तीच नावं लावली: गेट नाका, लायब्ररी नाका, मेस नाका. पाट्या वाचून ते दोन दिवसांत सरावले.

मैसूरच्या योजनेचं नाव 'ट्रिन ट्रिन', 2017 पासून. गोड नाव आहे, सायकल लगेच कळते, पण ती कुठे ठेवायची हे घंटी सांगत नाही. जर्मन रेल्वेची 'कॉल अ बाइक' मला त्या बाबतीत जास्त पटते. सुरुवातीला खरंच फोन करून कुलपाचा आकडा मिळवावा लागायचा, म्हणजे नावातच काय करायचं ते आलं. पुढे अ‍ॅप आलं तरी नाव फोनचंच राहिलं. नाव ठेवताना यंत्राऐवजी जागा पकडावी असं मला त्यावरून वाटतं. कुलूप बदलेल, नाका तिथेच राहील.

आता गेटवरचे वॉचमन काकासुद्धा सांगतात, "लायब्ररी नाक्यावर दोन आहेत बघ." डबलसीट जवळपास बंद झालं. अर्ध्या तासाची गोष्ट मात्र नावातून कळत नाही, ती पहिल्या भाड्यालाच कळते. आणि नाका म्हणजे नेमका खांब नव्हे, आसपासचा सगळा कोपरा. सकाळी नऊला गेट नाक्याच्या खाचा भरलेल्या असतात, तेव्हा मुलं सायकल शेजारच्या भिंतीला टेकवून लेक्चरला पळतात. खट् होत नाही, मीटर चालूच राहतो. त्या एका नाक्यावर आणखी दहा खाचा बसवा, असा अर्ज मी मागच्या सोमवारी दिला आहे.