तीन निळे ड्रम, दहा महिने: सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचा अनुभव

मी पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत माळीकाम करतो. गेल्या मार्चच्या शेवटी आठ घरांचा ओला कचरा ड्रममध्ये जिरवायला सुरुवात केली. आता जानेवारी संपत आलाय. मधे दोनदा सगळं फसलं. एकदा पाणी कमी पडलं म्हणून, एकदा जास्त झालं म्हणून. या दोन्ही वेळचं सविस्तर सांगतो, कारण ड्रम कसा करायचा हे कुणीही सांगेल, पण बिघडलेला ड्रम ओळखायचा कसा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावाकडे उकिरडा असतो. शेण, पाचट, राख, झाडलोट सगळं त्यात पडतं आणि वर्षभराने खत निघतं. त्याच्याकडे कुणी बघतही नाही. मला वाटलं ड्रम म्हणजे उभा केलेला उकिरडाच. तसं नाही. उकिरड्यात शेण आणि काडीकचरा भरपूर, पाणी बेताचं. सोसायटीच्या बादलीत मात्र काकडीची सालं, भिजलेली चहापावडर, कलिंगड, उरलेलं वरण. म्हणजे बहुतेक पाणीच.

आधी ड्रमबद्दल. २०० लिटरचे प्लॅस्टिकचे निळे ड्रम, जुने, नऊशे रुपयांना एक असे तीन घेतले. घेताना आत पूर्वी काय भरलेलं होतं ते विचारा. आमच्यातल्या एकाला रसायनाचा उग्र वास होता, तो परत केला. वरचं तोंड पूर्ण कापून घेतलं आणि कापलेला तुकडाच झाकण म्हणून ठेवला. बाजूंना एकेक वीत अंतरावर करंगळी जाईल एवढी भोकं, एका ड्रमला साठेक. तळाला दहा. सगळ्या भोकांना आतून डासांची नायलॉन जाळी चिकटवली. पहिल्या ड्रमला जाळी लावली नव्हती, त्याचा पश्चात्ताप पावसाळ्यात झाला. मधोमध चार इंची पीव्हीसी पाइप, त्यालाही भोकं पाडून, उभा ठेवला म्हणजे पोटात हवा पोचते. ड्रम विटांवर, खाली एक पसरट घमेलं.

भरायची रीत सोपी आहे. तळाला वीतभर काटक्या आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळक्या पानांचा थर, त्यावर दोन घमेली जुनं खत. याला मी विरजण म्हणतो. विकतची पावडरही एका ड्रममध्ये टाकून बघितली. दोन्ही ड्रम तिसऱ्या दिवशी सारखेच गरम झाले, तेव्हापासून पावडर आणणं बंद. मग रोज एक बादली ओला कचरा, साधारण पाच किलो, आणि त्यावर तेवढीच बादली चुरलेला वाळका पाला. किलो मोजायचे नाहीत, बादल्या मोजायच्या. मोठी सालं आणि कोबीचे दांडे खुरप्याने तोडून टाकतो. शेवटचा थर नेहमी पाल्याचा. ओलं काही उघडं दिसलं की चिलटं आलीच समजा. आठवड्यातून एकदा वरचा हातभर थर पंज्याने उलथतो.

पाच किलोने ड्रम भरायला पंचवीसेक दिवस लागतात, कारण खालचा माल रोज बसत जातो. भरला की तो बाजूला, दुसरा चालू. तिसरा भरेपर्यंत पहिल्याला पन्नास दिवस मिळतात. म्हणून तीन ड्रम. दोनांत भागवायचा प्रयत्न करू नका, कच्चं खत उपसावं लागतं.

आता पहिली चूक.

पहिला ड्रम एप्रिलच्या वीस तारखेच्या आसपास भरला. एप्रिल-मेमधलं पुण्याचं ऊन कोरडं. ड्रमला वास नाही, माशी नाही, घमेल्यात थेंबभर पाणी नाही. मी खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवायचो. जूनच्या पहिल्या आठवड्यात उपसला. रंग तपकिरी, हाताला मोकळं. चाळून मोगऱ्याच्या बारा कुंड्यांत दोन-दोन ओंजळी घातलं. पंधरा दिवसांत मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग वरची. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "माळीदादा, खत घातलं की विष?"

नीट बघितलं तेव्हा समजलं. चाळणीवर उरलेल्या मालात बदामाची पानं अजून शिरांसकट अख्खी होती. ते खत झालेलंच नव्हतं. पाणी आटलं म्हणून आतलं काम मधेच थांबलं होतं, आणि थांबलेल्या ड्रमला वास कशाचा येणार? कुंडीत पाणी मिळताच ते काम पुन्हा सुरू झालं. पाला कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, आणि ते त्यांनी मोगऱ्याच्या मातीतून ओढून घेतलं. कुंड्यांतला तो थर काढून परत ड्रममध्ये टाकला, वर झारीने पाणी दिलं. दोन दिवसांत ड्रम आतून गरम. दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी त्यांचा थर्मामीटर दिला, तो पोटात खुपसला तर ५२ अंश. म्हणजे जे एप्रिलमध्ये व्हायला हवं होतं ते जूनमध्ये झालं.

तेव्हापासून दर चार दिवसांनी एकच गोष्ट करतो. हात आत घालून मूठभर माल काढायचा आणि घट्ट पिळायचा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर. मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर कोरडा, पाणी द्या. धार लागली तर पाला द्या. बाकी कुठलंही यंत्र लागत नाही. हातमोजे घाला, काच निघते कधी कधी.

दुसरी चूक जुलैतली. ही जास्त महाग पडली, कारण वास थेट पार्किंगपर्यंत गेला.

जूनभर आंबे. साली, बाठे, रसाची उरलेली साय. कोयी मी वेगळ्या काढायला सांगितल्या होत्या, त्या दोन महिन्यांत कुजत नाहीत, तरी निम्म्या आत यायच्याच. त्यात माझा वाळका पाला संपला. बदाम, करंज, पिंपळ यांची पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमधली. तेव्हा मी आठ पोती भरून ठेवली होती आणि फार शहाणपणा केला असं वाटत होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोती रिकामी, आणि अंगणातून झाडलेला पाला चिंब. तोच टाकत राहिलो. थर दिसत होता, पण पाणी शोषत नव्हता.

पाचव्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास. हा वास आला की समजायचं, आत हवा पोचत नाही. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास वेगळा, तो ओला हिरवा माल जास्त आणि पाला कमी झाल्याचा. अंड्याचा वास म्हणजे माल बसून चिकट झालाय, पाण्याने भोकंबिकं बुजलीत. घमेलं रोज काळ्या पाण्याने भरायला लागलं. जाळी नसलेल्या ड्रममधून अळ्या भिंतीवर चढल्या. सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावून घेतलं. पुढे काय झालं असेल ते लिहायला नको.

दुरुस्ती एका दिवसाची होती, पण ती करताना नाकाला फडकं बांधावं लागलं. ताडपत्रीवर अख्खा ड्रम उपसला. कोपऱ्यावरच्या सुताराकडून दोन पोती रंध्याचा भुसा आणला. साध्या लाकडाचा, प्लायवूडचा नाही, त्यात डिंक-रसायन असतं. बारीक करवतीचा भुसा एकटाच घालू नये, तो भिजून पिठासारखा दाबला जातो. म्हणून त्यात काटक्या आणि फाडलेले पुठ्ठे मिसळले. एक घमेलं माल, एक घमेलं हे मिश्रण, असं फावड्याने कालवून परत भरलं. तीन दिवस झाकण तिरकं ठेवलं, वर पत्र्याची पडवी केली. चौथ्या दिवशी वास गेला, सहाव्या दिवशी माल पुन्हा कोमट.

अळ्यांबद्दल थोडं, कारण निम्मे लोक इथेच हात टेकतात. चपट्या, तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या. कचरा झपाट्याने खातात, माणसाला चावत नाहीत, घरात घोंघावत नाहीत. पाला वाढवला की आपोआप कमी होतात. पांढऱ्या, वळवळणाऱ्या बारीक अळ्या मात्र घरमाशीच्या. त्या दिसल्या म्हणजे वरचा थर उघडा राहिलाय. दोन्हींवर औषध फवारू नका. फिनेल तर अजिबात नाही. एका ताईंनी प्रेमाने ओतलं होतं, तो ड्रम महिनाभर मुका बसला.

घमेल्यातलं काळं पाणी झाडांना थेट घालू नये, आंबट असतं. मी ते वाळक्या पाल्यावर शिंपडून पाला ड्रममध्ये वापरतो. आणि "कंपोस्टेबल" लिहिलेल्या हिरव्या पिशव्या. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या कारखान्यातल्या सततच्या उष्णतेसाठी असतात, आपल्या ड्रममध्ये चार महिन्यांनीही पिशवीच राहतात. निर्माल्यातला दोरा काढूनच द्या, पंज्याला गुंडाळतो.

खत झालं का, हे आता रंगावरून ठरवत नाही. ओलसर मूठभर माल पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवतो. उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर झालं. आंबट किंवा कुबट आला तर अजून पंधरा दिवस. शंका राहिली तर दोन द्रोणांत मेथी पेरतो, एकात नुसती माती, दुसऱ्यात निम्मं खत. चौथ्या दिवशी दोन्हीकडे सारखी उगवली पाहिजे. खताच्या द्रोणात मोड करपलेले दिसले तर तो ड्रम परत झाकायचा.

एका ड्रममध्ये साधारण सव्वाशे किलो ओला कचरा जातो आणि पाव इंची चाळणीतून पंचवीस-तीस किलो खत निघतं. चाळणीवर राहिलेलं जाडंभरडं पुढच्या ड्रमचं विरजण. कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती. मोगरा सप्टेंबरमध्ये सावरला, पण दोन कुंड्या गेल्याच.

सोसायटीत चोवीस घरं आहेत. बाकीची सोळा घरंही या म्हणून साहेब मागे लागलेत. मी सांगितलंय, ड्रम कितीही आणा, अडचण पाल्याची आहे. आठ घरांना पावसाळाभर पुरायला माझ्या अंदाजाने तीस पोती लागतात. जिन्याखालची खोली रिकामी करून मिळाली तर फेब्रुवारीत भरायला घेतो. बदामाची पानं लाल व्हायला लागलीत.