लीड इम्प्लिमेंटरच्या नावाखाली 58,650 रुपयांना गंडवलं, गोव्यातल्या कन्सल्टंट लोकांनी वाचा

आधीच सांगतो, मी काही नवशिका नाही. फोंड्यात बसून वेर्णा-कुंडईच्या छोट्या कंपन्यांची कंप्लायन्सची कामं करतो, टेंडरची कागदपत्रं, पॉलिसी, ऑडिटची तयारी वगैरे. हल्ली बाहेरचे कस्टमर सगळ्यांकडे माहिती सुरक्षेचं आयएसओ 27001 सर्टिफिकेट मागायला लागलेत, म्हणून म्हटलं आपण पण ते कंपन्यांत राबवून देणारा लीड इम्प्लिमेंटर होऊन घेऊ.

पर्वरीला हॉल घेऊन पाच दिवसांचा कोर्स होता. फी 42,500, वर जीएसटी 7,650, म्हणजे 50,150. शेवटच्या दिवशी परीक्षा झाल्यावर अजून 8,500 'ॲक्रेडिटेशन रजिस्ट्रेशन' म्हणून यूपीआयने, आणि त्याची पावती आजतागायत नाही. कोर्स घेणारा माणूस म्हापशाचा, गोड बोलणारा, आपल्यातलाच वाटणारा. बिलावरचा जीएसटी नंबर पैसे द्यायच्या आधी पोर्टलवर टाकून बघा, मी नंतर टाकला तर रजिस्ट्रेशन कधीचंच कॅन्सल झालेलं.

आता ज्या क्षणाचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कंट्रोल्सची, म्हणजे सुरक्षेच्या उपायांची शीट उघडली. कव्हरवर मोठ्ठं 2022 लिहिलेलं आणि आत A.5 पासून A.18 पर्यंत 114 ओळी! 2022 च्या आवृत्तीत 93 कंट्रोल्स आहेत, ते पण A.5 ते A.8 एवढ्या चारच गटांत. 114 हा 2013 चा आकडा. मी हात वर करून विचारलं पण, तर म्हणतो कसा, "मॅपिंग समजायला जुनं आधी शिकावं लागतं सर." आता सांगा, ह्यात संशय घेण्यासारखं काय होतं? जुन्या-नव्याचं मॅपिंग खरंच शिकवतात. फक्त ह्याने नवीन शीट शेवटपर्यंत काढलीच नाही, तिथे कळायला हवं होतं.

परीक्षा घरी बसून लिंकवर, कॅमेरा नाही, देखरेख नाही, सबमिट केल्या केल्या 'पास'. किती वर्षं काम केलं, कुठले प्रोजेक्ट केले, रेफरन्स कोण, एक प्रश्न नाही. नावाजलेल्या संस्था परीक्षा पास झाल्यावरसुद्धा अनुभवाचा हिशोब मागतात, आणि तो नसेल तर खालची पायरी देतात, 'लीड' असंच वाटत नाहीत.

फुटलं कुठे, तर वेर्ण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याकडे. त्याच्या जर्मन कस्टमरने व्हेंडर तपासणीत स्टेटमेंट ऑफ ॲप्लिकेबिलिटी मागितलं, म्हणजे कुठला कंट्रोल लावला, कुठला नाही आणि का, ह्याचा तक्ता. मी कोर्समध्ये मिळालेल्या टेम्प्लेटवरच भरून दिला, घाईत होतो आणि टेम्प्लेट विकत घेतलेलं होतं, फुकटचं नव्हे. उत्तर आलं की ही 2013 ची रचना आहे, त्या आवृत्तीची मुदत 31 ऑक्टोबर 2025 ला संपली, आणि तुमच्या कन्सल्टंटचं सर्टिफिकेट कोणाच्या ॲक्रेडिटेशनखाली आहे ते कळवा. पार्टीसमोर माझी काय शोभा झाली ते विचारू नका.

मग सर्टिफिकेट नीट बघितलं. वर 'आयएसओ 17024 ॲक्रेडिटेड', खाली एक गोल लोगो आणि क्यूआर. क्यूआर स्कॅन केला की हिरवी टिकमार्क येते, पण पान कुणाचं? त्याच्याच वेबसाइटचं. म्हणजे चोरच साक्षीदार! माणसांना सर्टिफिकेट देणारी संस्था 17024 खाली ॲक्रेडिटेड आहे की नाही हे आपल्या देशातल्या एनएबीसीबीसारख्या ॲक्रेडिटेशन बोर्डाच्या यादीत बघायचं, बाहेरच्या देशाचा बोर्ड असेल तर तो अशा बोर्डांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य आहे का ते बघायचं. ह्याचा बोर्ड कुठल्याच यादीत नाही. आणि स्वतः आयएसओ कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, 'आयएसओ अप्रूव्ह्ड' म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

त्याची दुसरी ऑफर तर अजून भारी, "क्लायंट आणा, कन्सल्टन्सी आम्हीच करू आणि 10 दिवसांत कंपनीचं सर्टिफिकेटही आम्हीच देऊ." अरे, सर्टिफाय करणाऱ्या संस्थेला कन्सल्टन्सी करायचीच मनाई आहे! इंटर्नल ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू, मग दोन टप्प्यांचं बाहेरचं ऑडिट, हे 10 दिवसांत कुठून होणार.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणे क्लास झाला ना, सर्टिफिकेट मिळालं ना, मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे. सायबरवाले म्हणे पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत. बँकेने पोलिसांचा कागद मागितला, पोलीस म्हणे आधी बँकेचं पत्र आणा. एका साहेबांनी तर सर्टिफिकेट उलटसुलट करून विचारलं, "हे आयएसओ म्हणजे पाण्याच्या बाटलीवर असतं तेच ना?" टॅक्स भरतो आपण, आणि उन्हात फायली घेऊन पणजी-फोंडा पण आपणच करायचं.

आता ग्राहक आयोगात केस टाकतोय. आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. 'धंद्यासाठी घेतलं' असं तो म्हणेल, पण पोटापाण्यासाठी स्वतः करत असलेल्या कामाला कायद्यात सूट आहे. पर्वरीच्या बॅचला जे होते त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ती 114 ओळींची शीट डिलीट करू नका, मला मेसेज करा, मिळून टाकू.