1299 चा अँटीव्हायरस मला 8447 रुपयांना पडला

आधीच सांगते, मला कुणी लिंक पाठवून लुटलेलं नाही, ओटीपी मी कुणाला सांगितला नाही, कंपनी नामांकित आहे आणि सॉफ्टवेअर आत्ता ह्याच लॅपटॉपवर चालू आहे. तरीही ही फसवणूकच आहे असं माझं ठाम मत आहे, आणि मी स्वतः एका शाळेच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासते, त्यामुळे हे लिहिताना किती लाज वाटतेय ते माझं मला माहीत.

8 जुलै 2024 ला मी कंपनीच्या साइटवरून पाच डिव्हाइसचं एक वर्षाचं पॅक घेतलं. 4499 वर काट मारलेली आणि खाली 1299. घरात माझा लॅपटॉप, दोघांचे फोन, पुण्याला शिकणाऱ्या मुलीचा लॅपटॉप आणि ह्यांच्या दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर, बरोब्बर पाच. विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन अशी चारही चिन्हं पानावर मोठी काढलेली. मला वाटलं एकदाचं सगळं घर कव्हर झालं.

पहिला धक्का दुकानात बसला. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे, कारण बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यावरच नीट चालतं. इन्स्टॉल करायला घेतलं तर मेसेज आला की विंडोज 10 किंवा त्यापुढचं लागेल. विंडोज 7 चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 लाच बंद केला हे मला माहीत होतं हो, पण अँटीव्हायरसवाल्याने नुसतं 'विंडोज' लिहिलं की माणूस काय समजणार? कुठलं विंडोज ते 'सिस्टीम रिक्वायरमेंट्स' नावाच्या वेगळ्या पानावर होतं. पैसे भरायच्या आधी ते पान उघडा आणि घरातल्या प्रत्येक मशीनचं व्हर्जन त्याच्याशी ताडून बघा. विंडोजच्या स्टार्ट मेनूत winver टाईप करून एंटर मारलं की व्हर्जन दिसतं. विंडोज 10 चाही सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी तर आधी बघाच.

पाचातली दुकानाच्या कॉम्प्युटरची जागा रिकामी राहिली म्हणून मुलीच्या आयफोनवर टाकलं. नंतर कळलं की आयफोनमध्ये एक अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपच्या आत बघूच शकत नाही, अ‍ॅपलने तशी सोयच ठेवलेली नाही, त्यामुळे तिथे व्हायरस स्कॅन असा काही होतच नाही. वाईट वेबसाइट अडवणं, वायफाय तपासणं एवढंच ते अ‍ॅप करतं. पण पाचातली एक जागा मात्र पूर्ण खातं.

मग ऑक्टोबरमध्ये माझा लॅपटॉप फार हळू झाला म्हणून फॉरमॅट करून घेतला. अँटीव्हायरस परत टाकला, लॉगिन केलं, चालू झाला. नोव्हेंबरात मुलगी दिवाळीची सुट्टी संपवून परत गेली आणि तिने तिच्या लॅपटॉपवर टाकायला घेतलं तर 'तुमच्या लायसन्सची मर्यादा संपली' असं लाल अक्षरात, आणि त्याच्याच खाली निळं मोठं बटण, 10 डिव्हाइसवर जा, फक्त 649 रुपये. मुलगी म्हणाली आई परीक्षा आहे, मला आत्ता हवंय. मी 19 नोव्हेंबरला 649 भरले.

आता खरी गोष्ट ऐका. त्या दिवशी कंपनीच्या साइटवर माझ्या खात्यात डिव्हाइसची यादी होती, ती मी उघडलीसुद्धा. त्यात दोन फोन, एक आयफोन आणि दोन कॉम्प्युटर होते, DESKTOP-4K7Q2LM आणि DESKTOP-9RT1VXA. मी ते बघितलं आणि एक माझा, एक दुकानातला असं धरून चालले. दुकानातल्यावर तर ते कधी बसलंच नव्हतं! दोन्ही नावं माझ्याच लॅपटॉपची होती, एक फॉरमॅटच्या आधीचं आणि एक नंतरचं. फॉरमॅट केलं की विंडोज मशीनला नवीन नाव देतं, आणि कंपनीच्या हिशोबात जुनं मशीन अजून जिवंतच असतं कारण कुणी ते काढायला सांगितलेलं नसतं. पहिल्या नावापुढे 'शेवटचं दिसलं: ऑक्टोबर' असं बारीक लिहिलेलं होतं आणि शेजारी कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह. त्या डब्यावर एक टिचकी मारली असती तर जागा सुटली असती, 649 वाचले असते, आणि पुढच्या 6499 मधलेसुद्धा काही.

पुढचे कसे ते सांगते. 649 भरून मी काही जागा वाढवून घेतल्या असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात माझं पॅक बदललं होतं, आता मी 10 डिव्हाइसची ग्राहक, आणि रिन्यूअल त्याच पॅकच्या छापील किमतीने होणार होतं. पहिल्या वर्षाची सूट ही नवीन ग्राहकाला ओढायला असते, त्यात कंपनीला फारसं काही सुटत नाही, तिची कमाई दुसऱ्या वर्षापासून. म्हणून तर ऑटो रिन्यूअल आधीच चालू करून ठेवलेलं असतं आणि 'त्यानंतर प्रचलित दराने' एवढं एक वाक्य करड्या रंगात असतं. ते वाक्य मी वाचलं होतं, खोटं बोलत नाही. म्हणूनच मी फोनमध्ये 30 जूनचं रिमाइंडर लावलं होतं, लायसन्स 7 जुलै 2025 ला संपणार, आठवडाभर आधी बंद करू. मी निष्काळजी नव्हते एवढंच मला म्हणायचंय.

पण पैसे 7 जूनलाच गेले, तब्बल 30 दिवस आधी. अशा बऱ्याच कंपन्या मुदत संपायच्या महिनाभर आधीच पैसे कापतात आणि अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. संपायची तारीख बघून रिमाइंडर लावू नका, काही उपयोग नाही. खरेदी केली त्याच दिवशी खात्यात जाऊन ऑटो रिन्यूअल बंद करा. माझ्या कंपनीत तरी त्याने भरलेलं वर्ष कमी होत नाही, फक्त 'व्हायरस काढून देऊ नाहीतर पैसे परत' वाली हमी जाते, जाऊ दे.

बँकेचा मेसेज आला नव्हता का? आला होता, 6 जूनला सकाळी. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पैसे कापायच्या किमान 24 तास आधी कळवायचं, रक्कम, तारीख, व्यापाऱ्याचं नाव सगळं देऊन, आणि ग्राहकाला नको म्हणायची सोय ठेवायची. पण त्यात नाव अँटीव्हायरसचं नव्हतंच, पेमेंट घेणाऱ्या कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचं होतं, जे मी आयुष्यात ऐकलेलं नाही. '6499 कापले जातील, नको असल्यास इथे क्लिक करा' असा मेसेज अनोळखी नावाने आल्यावर शहाणा माणूस काय करेल? आपल्याला दहा वर्षं हेच शिकवलंय ना की क्लिक करू नका! मी तो खोटा समजून डिलीट केला. आणि ओटीपी? 15000 पर्यंतच्या अशा कापणीला दरवेळी ओटीपी लागत नाही, तो एकदाच, सुरुवातीला, मँडेट म्हणजे पुढे आपोआप पैसे कापायची परवानगी देताना लागतो. माझा जुलै 2024 चा तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. मी भरत होते 1299 आणि मेसेजमध्ये लिहिलंय, कमाल रक्कम 15000. मी फक्त सहा आकडे बघितले आणि टाकले. रोज व्हाउचरवर रक्कम तपासून सही घेणारी मी.

24 जूनला कार्डाचं स्टेटमेंट बघितलं तेव्हा कळलं. 25 ला बँकेत गेले. तिथल्या बाईंनी डिस्प्यूट फॉर्म भरून घेतला आणि सांगितलं, चौकशी चालू असेपर्यंत तुम्ही कंपनीशी वेगळं बोलू नका, घोळ होतो. मी ऐकलं. 9 जुलैला उत्तर आलं की व्यवहार ग्राहकाच्या परवानगीनेच झाला, पूर्वसूचना दिली होती, तक्रार बंद. मग कंपनीला चॅटवर गाठलं तर ते म्हणाले रिफंड 30 दिवसांत मागायचा असतो, तुम्हाला दोन दिवस उशीर झालाय. दोन दिवस! बँकेने 14 दिवस फाईल दाबून ठेवली त्याचा हिशोब कुणी द्यायचा? परत बँकेत गेले तर त्या बाई म्हणाल्या मी असं बोललेच नाही. पोलिसांकडे गेले, तिथे बसलेल्याने पहिला प्रश्न केला, ओटीपी कुणी टाकला? मी टाकला. मग आम्ही काय करणार ताई, ही सिव्हिल मॅटर आहे. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, कंपनीने तिथे 'अटींनुसार' एवढा एक शब्द लिहिला आणि तक्रार निकाली निघाली, मला एक फोनसुद्धा नाही. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्र सरकारने डार्क पॅटर्नची, म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांची, 13 प्रकारांची यादी काढली, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप स्पष्ट शब्दात आहे, ती यादी मी प्रिंट काढून घेऊन गेले होते, कुणी हातात धरली नाही. ब्रिटनमध्ये 2021 साली तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने दोन मोठ्या अँटीव्हायरस कंपन्यांकडून लेखी घेतलंय की आपोआप रिन्यू झालेल्या ग्राहकाला मधेच रद्द करून उरलेल्या काळाचे पैसे परत मागता येतील. तिथल्या गिऱ्हाइकाला मिळतात, मिरजेच्या गिऱ्हाइकाला नाही.

म्हणून पैसे गेलेत असं दिसलं की पहिला ईमेल कंपनीला, त्याच मिनिटाला, 'रद्द करा आणि रिफंड द्या' एवढंच लिहून, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. बँक नंतर.

शेवटच्या चॅटमध्ये मी पुढचं सगळंच रद्द करा म्हटल्यावर तो मुलगा काय म्हणाला असेल? मॅडम रद्द करू नका, पुढच्या वर्षी हेच पॅक तुम्हाला 2599 ला देतो. म्हणजे 2599 ला परवडतं! माझ्याकडून 6499 घेतले. आणि परवा सांगलीत दुकानात तीन युजरचा सीलबंद बॉक्स 1150 ला बघितला, कार्डाचा संबंधच नाही, वर्ष संपलं की गप बंद पडतो. मुलीने तर लॅपटॉपवरचा अँटीव्हायरस काढूनच टाकला, विंडोज 11 मध्ये डिफेंडर हा त्याचा स्वतःचा अँटीव्हायरस असतोच म्हणाली, आणि तो आपोआप चालू झाला.

एक लक्षात ठेवा, अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं म्हणजे पैसे थांबले असं नाही. कंपनीच्या खात्यातलं रिन्यूअल वेगळं आणि बँकेकडचं मँडेट वेगळं, दोन्ही ठिकाणी जाऊन बंद करावं लागतं. फोनवर प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये.

काल माझ्या भावाचा फोन आला, त्यानेही परवाच तेच पॅक घेतलंय, 1299 लाच. मी त्याला म्हटलं दादा, फोन ठेवू नकोस, आधी ओटीपीचा मेसेज काढ आणि कमाल रक्कम वाच. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पंधरा हजार. मग त्याला फोनवरच बसवून आधी रिन्यूअल बंद करायला लावलं, मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट. सगळं मिळून 11 मिनिटं लागली.