कर्मचारी गेला: अकाउंट सस्पेंड करावं, डिलीट करावं की फक्त पासवर्ड बदलावा?

कोणी नोकरी सोडली की अॅडमिनसमोर तीन वाटा असतात. इथे गूगल वर्कस्पेसच्या हिशेबाने बोलतो, कारण तीन वाटांमधला फरक तिथे स्पष्ट दिसतो.

एक उदाहरण घेऊ. हिशेब विभागातल्या एक बाई शुक्रवारी संध्याकाळी जाणार आहेत. पुरवठादारांची बिलं त्यांच्याच मेलवर येतात, महिन्याच्या पेमेंटची शीट त्यांच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये आहे आणि त्या शीटला त्यांनीच लिहिलेली एक स्क्रिप्ट जोडलेली आहे. ती रोज सकाळी थकबाकीची यादी साहेबांना पाठवते.

बहुतेक जण अशा वेळी अकाउंट सस्पेंड करतात. लॉगिन बंद होतं, जुनी मेल आणि फायली जागच्या जागी राहतात, ज्यांच्याशी शेअर केलेल्या आहेत त्यांना त्या उघडतातही. कोणी भांडून गेलं असेल किंवा अचानक काढलं गेलं असेल, तर मी दुसरा विचारच करत नाही. पण एक गोष्ट हमखास विसरली जाते: सस्पेंड केलेल्या अकाउंटवर नवीन मेल येत नाही, पाठवणाऱ्याला परत जाते. म्हणजे सोमवारी पुरवठादाराचं बिल बाउन्स होणार आणि ऑफिसात कोणाला पत्ताही लागणार नाही. शिवाय लायसन्सचे पैसे चालूच राहतात.

दुसरी वाट म्हणजे अकाउंट चालू ठेवून फक्त पासवर्ड बदलणं. मेल येत राहते, ती दुसऱ्याकडे फॉरवर्ड करता येते. आमच्या या बाईंसाठी पहिले काही आठवडे हीच वाट बरी. फक्त ‘पासवर्ड बदलला म्हणजे दार बंद झालं’ असं समजू नका. अॅडमिन कन्सोलमध्ये त्यांच्या नावावर जाऊन साइन-इन कुकीज रीसेट करा, म्हणजे फोनवर आणि घरच्या लॅपटॉपवर उघडी राहिलेली सत्रं संपतील. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल काढून टाका, नाहीतर तिथून पासवर्ड परत मिळवता येऊ शकतो. मग जोडलेल्या अॅप्सची यादी उघडा. पासवर्ड बदलल्यावर मेल वाचणाऱ्या अॅप्सचे टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय आत येण्याचे परवाने, रद्द होतात, पण फक्त ड्राइव्ह किंवा कॅलेंडरची परवानगी घेतलेलं अॅप तसंच चालू राहू शकतं. ते एकेक करून हातानेच काढावं लागतं.

तिसरी वाट डिलीटची. लायसन्स मोकळं होतं आणि जुना पत्ता दुसऱ्या सहकाऱ्याला एलियास म्हणून देता येतो, म्हणजे बिलं येत राहतात. पण डिलीट करण्याआधी ड्राइव्हच्या फायलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करा, आणि कोणाशीच शेअर न केलेल्या फायलीही घेण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. पेमेंटची खरी शीट बहुधा त्यातच असते. मेल फायलींसोबत जात नाही, ती आधी वेगळी काढून घ्यावी लागते. डिलीट केल्यावर परत आणायला २० दिवस असतात, पुढे काहीच हाती लागत नाही. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फायलींची मात्र काळजी नको, त्या व्यक्तीच्या नसून संस्थेच्या असतात.

स्क्रिप्टचं काय? तिला ठरल्या वेळी आपोआप सुरू करणारा ट्रिगर ज्याने लावला, त्याच्या नावाने ती चालते, त्यामुळे सस्पेंड किंवा डिलीट केलं की थांबते. माझ्या एका जुन्या ऑफिसात असंच झालं होतं: रोजचा अहवाल आला नाही हे आठ दिवसांनी कळलं, कारण न आलेली मेल कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. म्हणून माणूस असतानाच विचारा, ‘तुमच्या नावावर आपोआप काय काय चालतं?’ आणि नव्या मालकाकडून ट्रिगर पुन्हा लावून घ्या.

बाकीच्या टूल्सना गूगलने लॉगिन होत असेल, तरी मूळ अकाउंट बंद केल्याने तिथलं आधीच उघडलेलं सत्र लगेच संपतं असं नाही. त्यांनी तिथे काढलेल्या एपीआय कीज, म्हणजे लॉगिनशिवाय प्रोग्रामला आत घेणाऱ्या किल्ल्या, याही तशाच राहू शकतात. प्रत्येक टूलमध्ये जाऊन त्यांचं नाव हटवा, आणि जिथे सगळे मिळून एकच पासवर्ड वापरतात तिथे तो त्याच संध्याकाळी बदला.

या बाईंच्या बाबतीत मी असं करीन: शुक्रवारी पासवर्ड, कुकीज, रिकव्हरी, अॅप्स आणि फॉरवर्डिंग. त्याच आठवड्यात फायलींची मालकी आणि ट्रिगर दुसऱ्याकडे. महिन्याभरात पुरवठादारांना नवा पत्ता कळवायचा, मेल काढून घ्यायची, मग डिलीट आणि लगेच एलियास. चुकून अकाउंट परत आणायची वेळ आली, तर आधी तो एलियास काढावा लागेल, हे अॅडमिनच्या वहीत लिहून ठेवायचं.