पाचू खरा, रंग मात्र तेलाचा

ताईच्या साठीनिमित्त आम्ही भावंडांनी वर्गणी काढून लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका दुकानातून पाचूची अंगठी घेतली. खडा पावणेचार कॅरेटचा, झांबियाचा, एक लाख चौदा हजारांचा, सोनं वेगळं. सोबत प्लॅस्टिकचं कार्ड होतं आणि त्यावर ‘नैसर्गिक बेरिल, प्रकार पाचू’ असं छापलेलं होतं. "ट्रीटमेंट काही केलीय का?" असं मी स्पष्ट विचारलं होतं. "छे हो साहेब, खाणीतून आला तसा. कार्ड आहे ना!" हे दुकानदाराचं उत्तर.

दिवाळीआधी ताईने एका सराफाकडे बांगड्यांबरोबर अंगठीही धुवायला दिली. तिथल्या माणसाने सगळं एकत्रच अल्ट्रासॉनिक मशीनच्या गरम पाण्यात टाकलं. बांगड्या लखलखीत होऊन निघाल्या. खडा मात्र फिकट पोपटी झाला होता आणि त्याच्या वरच्या सपाट पैलूवर पांढऱ्या रेघांचं जाळं उमटलं होतं. मूळ दुकानदाराने एक नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही कुठेतरी आपटलात."

कॅम्पातल्या एका रत्नपारखी बाईंनी दहापट भिंगाखाली तो खडा मला दाखवला. पाचूत आत काहीतरी असणारच. झांबियाच्या खड्यात अभ्रकाचे कण दिसतात, कोलंबियाच्या खड्यात द्रवाने भरलेले बारीक कप्पे. ते दोष नव्हेत. उलट, काचेसारखा स्वच्छ मोठा पाचू स्वस्तात मिळत असेल तर तो कृत्रिम असण्याची शंका आधी घ्यावी. प्रश्न असतो तो पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या चिरांचा. आमच्या खड्यातली एक रेघ पैलूवरून सुरू होऊन तिरकी आत उतरत होती. तिथे हवा असली की प्रकाश परत फिरतो आणि चीर पांढरी दिसते. तेल भरलं की वड्याच्या कागदाला तेल लागून तो पारदर्शक व्हावा तशी ती चीर दिसेनाशी होते. गरम पाणी आणि मशीनच्या कंपनांनी तेल निघून गेलं. भेगा जुन्याच होत्या.

बाईंनी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली, तेव्हा खोल चिरांत उरलेलं तेल पिवळट चमकलं. मग त्यांनी विचारलं, "खडा ज्या कागदी पुडीत दाखवला होता, ती ठेवलीये का?" ताई रिकामी पाकिटंही टाकत नाही, म्हणून ती सापडली. आतल्या पांढऱ्या कागदावर हिरवट तेलकट डाग होता. म्हणजे तेल रंगीत होतं.

इथेच खरी मेख आहे. पाचूला सीडरसारखं बिनरंगी तेल देणं व्यापारात मान्य आहे, बहुतेक पाचूंना ते दिलेलं असतंच. फक्त ते किती दिलंय हे सांगायला हवं, कारण भाव त्यावर ठरतो. हिरवं तेल मात्र भेगा झाकता झाकता रंगही विकतं. आमच्या कार्डावर शेऱ्याची जागा कोरी होती. खडा नैसर्गिक आहे एवढंच ते सांगत होतं आणि तेवढं खरंही होतं. मुंबईच्या एका नावाजलेल्या लॅबचा रिपोर्ट मागवला, त्यात भराव ‘मोठ्या प्रमाणात’ असल्याचं लिहून आलं. महाग पाचू घेताना हीच ओळ वाचायची: भराव नाही, किरकोळ, मध्यम की मोठा. तोंडी आश्वासन मिळालं असेल तर तेच वाक्य बिलावर लिहून मागायचं. आम्ही मागितलं असतं तर दुकानदार तिथेच अडखळला असता.

पाचू वापरण्याचंही थोडं सांगतो. मोह्स मापावर त्याचा कठीणपणा साडेसात ते आठ, म्हणजे ओरखडे सहज पडत नाहीत. पण आतल्या चिरांमुळे ओट्यावर एक टोला बसला तरी कोपरा उडतो. पाचूचा चौकोनी घाट कोपरे छाटलेला असतो तो याचसाठी. अंगठीत खडा चारही बाजूंनी सोन्याच्या काठात बसवून घ्यावा. भांडी घासताना, स्वयंपाक करताना अंगठी काढून ठेवावी, सॅनिटायझर लावतानाही. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यावर भागतं. वाफ आणि अल्ट्रासॉनिक नकोच. माप वाढवायचं असेल तर खडा आधी काढायला लावावा, झाळकामाची आच त्याला सोसत नाही.

जयपूरच्या एका व्यापाऱ्याने बिनरंगी तेल भरून दिलं. रेघा बऱ्याच दबल्या, पण खडा फिकटच राहिला. तो त्याचा मूळ रंग.

रिपोर्ट, बिल आणि पुडीच्या कागदाचा फोटो घेऊन पुन्हा दुकानात गेलो. ग्राहक आयोगाचं नाव काढेपर्यंत ‘आपटलात’ हेच चालू होतं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी सल्ला मिळतो, तो आम्ही घेतला होता. लेखी नोटीस गेल्यावर त्याने खड्याच्या किमतीतले साठ हजार परत केले आणि "प्रकरण मिटलं" असं लिहिलेला कागद सहीसाठी पुढे केला. ताईने सही केली नाही. उरलेल्या रकमेसाठी तक्रार दाखल आहे.